दुसरी ऑफर स्वीकारल्यावर अर्ज मागे घेताना: कोणाला, कधी, कोणत्या शब्दांत

बडोद्यात ट्रान्सफॉर्मर, स्विचगिअर किंवा केबलच्या क्षेत्रात नोकरी शोधणारा इंजिनिअर एका वेळी तीन-चार कंपन्यांशी बोलणी करत असतो. त्यात गैर काहीच नाही, कंपन्याही एका जागेसाठी चार उमेदवार बघतात. प्रश्न येतो तो एका ठिकाणी हो म्हटल्यावर. उरलेल्यांना कळवायचं राहून जातं, नाहीतर महिन्याभराने घाईत दोन ओळी पाठवल्या जातात. मोठ्या शहरात हे कदाचित खपून जाईल. इथे मकरपुरा, मंजुसर, वाघोडिया आणि हालोल या पट्ट्यात तीच माणसं कंपन्या बदलत फिरतात. आज तुमची मुलाखत घेणारा प्लांट हेड तीन वर्षांनी तुमच्या नव्या कंपनीचा ग्राहक असू शकतो. टाइप टेस्टसाठी मकरपुऱ्याच्या एर्डाच्या प्रयोगशाळेत गेलात, तर प्रतिस्पर्धी कंपनीचे लोक शेजारच्या टेबलावर चहा घेताना भेटतात.

कारखान्यांच्या भरती विभागात बरीच वर्षं काम केल्यावर माझं मत असं झालं आहे की अर्ज मागे घेण्यात शब्दांपेक्षा वेळ आणि क्रम महत्त्वाचा. तुम्ही कधी सांगितलंत आणि कोणाला आधी सांगितलंत, हे लोकांच्या लक्षात राहतं. म्हणून इथे सगळ्यात नाजूक प्रसंग घेते: शेवटची मुलाखत झाली आहे, ऑफर लेटर अजून आलेलं नाही, आणि तुम्ही दुसरीकडे होकार दिला आहे. अर्ज नुसता पोर्टलवर पडून असेल तर काम सोपं आहे, ते पुढे थोडक्यात येईल.

आधी हातातली ऑफर तपासा

अर्ज मागे घेण्याआधी नवी नोकरी कागदावर आहे ना, ते बघा. फोनवर एचआरने ‘तुम्ही सिलेक्ट झालात’ म्हटलं, एवढ्यावर दुसरीकडचं दार बंद करू नका. पत्रात पद, कामाचं ठिकाण, पगाराची फोड आणि रुजू होण्याची तारीख हवी. तुम्ही स्वीकृती पाठवली आणि ती मिळाल्याचं त्यांचं उत्तर आलं, की बाजू पक्की झाली. ‘व्यवस्थापनाच्या मंजुरीच्या अधीन’ असं काही लिहिलं असेल तर ते पत्र अजून अर्धवट आहे. मंजुरी केव्हा मिळेल ते लेखी विचारा आणि तोवर दुसरीकडे काही बोलू नका.

बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन आणि मेडिकल मात्र जवळजवळ प्रत्येक ऑफरला जोडलेले असतात. तुमची कागदपत्रं खरी असतील तर त्यांच्यासाठी थांबायचं कारण नाही. सध्याच्या कंपनीतून रिलीव्हिंग लेटर मिळेपर्यंत थांबायचंही नाही. नोटीस पिरियड साठ किंवा नव्वद दिवसांचा असतो आणि तेवढा काळ दुसऱ्या कंपनीला ताटकळत ठेवणं हा या सगळ्या प्रकारातला सर्वात महागडा मोह आहे. ‘असू दे हाताशी, इकडे काही बिघडलं तर’ असा विचार मनात येणारच, घरूनही तोच सल्ला मिळतो. पण ज्या कंपनीला तुम्ही स्वीकृतीनंतर दुसऱ्या दिवशी प्रामाणिकपणे कळवलंत, तिच्याकडे गरज पडली तर परत फोन करता येतो. जिला दोन महिने झुलवलंत, तिच्याकडे नाही.

थोडक्यात, पक्की ऑफर स्वीकारल्यापासून एका कामाच्या दिवसात सगळीकडे कळवा.

त्यांच्या बाजूला काय चाललेलं असतं

शेवटची मुलाखत झाल्यावर एचआर गप्प आहे म्हणजे तिथे काही घडत नाही, असा उमेदवारांचा समज असतो. प्रत्यक्षात तेव्हाच सगळ्यात जास्त धावपळ चालू असते. विभागप्रमुखाने तुमचं नाव पहिल्या क्रमांकावर टाकलेलं असतं आणि दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ‘कळवतो’ म्हणून थांबवून ठेवलेलं असतं. तुमच्या पगाराचा आकडा एचआरकडून फायनान्सकडे आणि तिथून वरच्या सहीसाठी गेलेला असतो.

तुम्ही या टप्प्यावर कळवलंत तर ती फाइल थांबते आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या उमेदवाराला फोन जातो. ऑफर लेटर निघाल्यावर कळवलंत तर मंजूर झालेली ऑफर रद्द करून नव्या माणसासाठी पुन्हा सगळ्या सह्या घ्याव्या लागतात, आणि तोवर तो दुसरा उमेदवार दुसरीकडे गेलेला असतो. रुजू व्हायच्या तारखेला आलाच नाहीत तर विभागप्रमुखाला आपल्या वरिष्ठांपुढे उत्तर द्यावं लागतं.

या तिन्हींची नोंद वेगवेगळी होते. पहिल्यात भरतीच्या प्रणालीत ‘उमेदवाराने अर्ज मागे घेतला’ असं राहतं, दुसऱ्यात ‘ऑफर नाकारली’, तिसऱ्यात ‘नो शो’. पुढे कधी तुमचं नाव पुन्हा आलं की एचआर आधी ही ओळ वाचते. पहिल्या नोंदीने कोणाचं काही अडत नाही. तिसरी असेल तर कित्येक ठिकाणी सीव्ही विभागप्रमुखापर्यंत पोचतच नाही.

क्रम: एका उदाहरणातून

माझी भाची बडोद्यात ट्रान्सफॉर्मरच्या टेस्टिंग विभागात काम करत होती. तिची बोलणी चार ठिकाणी चालू होती. हालोलच्या एका स्विचगिअर कंपनीने डिझाइनची जागा देऊ केली आणि तिने गुरुवारी संध्याकाळी स्वीकृती पाठवली. मंजुसरच्या एका ट्रान्सफॉर्मर कंपनीत प्लांट हेडबरोबर शेवटची मुलाखत झाली होती आणि तिथे तिचं नाव सुचवलं होतं तिच्या वडिलांच्या मित्राने, म्हणजे दांडिया बाजारातल्या काकांनी. अहमदाबादच्या एका कंपनीत कन्सल्टंटमार्फत पहिली फेरी झाली होती. चौथ्या ठिकाणी नुसता पोर्टलवर अर्ज होता.

शुक्रवारी तिने पहिला फोन काकांना केला. हा क्रम चुकवू नका. ज्याने आपलं नाव घालून तुमची शिफारस केली, त्याला ही बातमी कंपनीकडून कळता कामा नये. प्लांट हेडने काकांना फोन करून ‘तुमच्या मुलीने नाही म्हटलं’ असं सांगितलं आणि काकांना काही माहीतच नसेल, तर त्यांची अडचण होते आणि पुढच्या वेळी ते कोणाचंच नाव सुचवणार नाहीत. काकांना तिने एवढंच सांगितलं: “काका, मला हालोलला डिझाइनमध्ये जागा मिळाली, काल स्वीकारली. मंजुसरच्या सरांना आज अकरा वाजता मी स्वतः फोन करणार आहे. त्याआधी तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही शब्द टाकलात म्हणून त्यांनी मला इतका वेळ दिला.” काका म्हणाले, मी बोलू का त्यांच्याशी? तिने नको म्हटलं, आणि ते बरोबर होतं. शिफारस करणाऱ्याला मध्यस्थ बनवलं की निरोपाचा अर्थ बदलत जातो.

दुसरा फोन प्लांट हेडला, सकाळची प्रॉडक्शन मीटिंग संपल्यावर. शेवटच्या फेरीपर्यंत गेला असाल तर ज्याच्या हाताखाली काम करणार होतात त्याला फोनच करावा. नुसता मेल थंड वाटतो, आणि तो एचआरकडे अडकला तर त्या माणसापर्यंत बातमी उशिरा पोचते. फोन उचलला नाही तर ‘दोन मिनिटं बोलायचं आहे, कधी करू?’ असा संदेश टाका. अर्ज मागे घेतल्याचं व्हॉट्सॲपवर लिहून मोकळे होऊ नका. संध्याकाळपर्यंत बोलणं झालंच नाही, तर मात्र मेल पाठवून द्या. फोनसाठी बातमी दोन दिवस अडवून ठेवण्यात अर्थ नाही.

तिसरा निरोप एचआरला लेखी, फोननंतर तासाभरात. चौथा कन्सल्टंटला. पोर्टलवरचं बटण सगळ्यात शेवटी, कारण ते दाबल्याबरोबर प्रणालीतून आपोआप सूचना जाऊ शकते आणि मग तुमच्या फोनआधी यंत्राचा निरोप पोचतो.

फोनवर काय बोलायचं

मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात सांगा. हवापाण्याच्या गप्पा मारून मग वळण घेतलंत तर समोरच्याला फसल्यासारखं वाटतं. माझ्या भाचीचं बोलणं साधारण असं झालं:

“नमस्कार सर, टेस्टिंगच्या जागेबद्दल फोन केला. मी काल दुसऱ्या कंपनीची ऑफर स्वीकारली आहे, म्हणून माझा अर्ज मागे घेते आहे. तुमच्याकडून ऑफर निघायच्या आत तुम्हाला कळावं म्हणून लगेच फोन केला.”

थोडी शांतता. मग ते म्हणाले, “अरे, आमचं लेटर सोमवारी निघणारच होतं. किती दिलं त्यांनी? आम्ही बघू ना.”

या प्रश्नाची तयारी आधीच करून ठेवावी लागते. तिचं उत्तर: “सर, आकड्यासाठी नाही गेले. मला टेस्टिंगमधून डिझाइनमध्ये यायचं होतं आणि ती जागा तिथे मिळाली. शिवाय मी शब्द दिला आहे, आता फिरवणार नाही.”

यातलं शेवटचं वाक्य पुढच्या ओळखीसाठी सगळ्यात मोलाचं आहे. आज तुम्ही दुसऱ्या कंपनीला दिलेला शब्द पाळता हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं की उद्या त्याला दिलेला शब्दही तुम्ही पाळाल. आकडा सांगितलात की बोलणी पुन्हा सुरू होतात. जास्त पैसे मिळाले तर तुम्ही जाणार असाल, तर ते पहिली ऑफर स्वीकारण्याआधी ठरवायचं होतं. अर्ज मागे घेण्याचा फोन पगार वाढवून घेण्यासाठी वापरलात, तर या पट्ट्यात दोन कंपन्यांच्या एचआरला एकमेकींकडून ते कळायला वेळ लागत नाही.

कोणत्या कंपनीत चाललात, हे विचारतीलच. सांगायचं बंधन नाही. ‘रुजू झाल्यावर नक्की कळवेन’ म्हटलं तरी चालतं. पण खोटं सांगू नका. वडिलांची तब्येत, घरची अडचण, सध्याच्या कंपनीने थांबवून घेतलं, अशी कारणं मी शेकड्याने ऐकली आहेत. लिंक्डइनवर नवी कंपनी दिसली की त्यातली बहुतेक उघडी पडतात. आणि वडिलांच्या आजारपणाचं कारण सांगितलंत, तर काका संध्याकाळी घरी चौकशीला येतील.

कारण खरं हवं, पण सगळं सांगायची गरज नाही. दोन पैकी एखादी कंपनी जवळ आहे, बसची सोय आहे, मुलाखतीतला एक जण उद्धट वाटला, हे सगळं खरं असलं तरी ते तुमच्याजवळ राहू द्या. कामाशी संबंधित एकच कारण द्या. माझ्या भाचीने ‘डिझाइन’ हे कारण दिल्याने तिच्याविषयीची एक माहितीही त्यांच्याकडे राहिली: पुढे डिझाइनची जागा निघाली तर हिला विचारायचं.

मेलचा मसुदा

आपल्याकडे कंपनीचा पत्रव्यवहार इंग्रजीतच होतो. मी मजकूर मराठीत देते, क्रम तोच ठेवून तुमच्या भाषेत लिहा. विषयाच्या ओळीत पदाचं नाव आणि जाहिरातीचा क्रमांक घाला, म्हणजे एचआरला शोधावं लागत नाही. मेल एचआरला, प्रत प्लांट हेडला.

> विषय: सीनियर इंजिनिअर, टेस्टिंग, जाहिरात क्र. ___ – अर्ज मागे घेत असल्याबाबत
>
> नमस्कार मॅडम,
>
> सीनियर इंजिनिअर, टेस्टिंग या पदासाठीचा माझा अर्ज मी मागे घेत आहे. मी दुसऱ्या कंपनीतील डिझाइन विभागाची ऑफर काल स्वीकारली. आज सकाळी सरांशी फोनवर बोलून त्यांनाही हे कळवले आहे.
>
> मुलाखतीनंतर सरांनी मला इम्पल्स टेस्टची प्रयोगशाळा दाखवली आणि चाचणीत आढळलेले दोष डिझाइन विभागाकडे कसे परत जातात ते समजावून सांगितले. त्या कामाबद्दलची माझी उत्सुकता कायम आहे. पुढे टेस्टिंग आणि डिझाइन यांना जोडणारे पद निघाल्यास मला जरूर विचारावे.
>
> तुम्ही तिन्ही फेऱ्यांच्या वेळा माझ्या शिफ्टप्रमाणे जुळवून दिल्या, त्याबद्दल मनापासून आभार.

यात पहिल्या वाक्यात निर्णय आहे. ‘विचार करत आहे’ किंवा ‘सध्या शक्य होईल असे वाटत नाही’ असं लिहिलंत तर एचआर ते अजून उघडं दार समजते आणि तुमच्यामागे फोन लागतात.

दुसऱ्या परिच्छेदातली प्रयोगशाळेची ओळ दुसऱ्या कोणत्याही कंपनीला पाठवता येणार नाही, आणि म्हणूनच ती वाचली जाते. ‘तुमच्या नामांकित संस्थेत मला खूप शिकायला मिळाले’ हे वाक्य एचआर दिवसातून चार वेळा वाचते. तुमच्या मुलाखतीतली एक खरी गोष्ट आठवा. आठवत नसेल तर ते वाक्य गाळा आणि नुसते आभार माना.

तिसरी गोष्ट पुढच्या संधीबद्दलची. ‘भविष्यात संधी असल्यास कळवा’ एवढ्याने कोणी कळवत नाही, कारण कशासाठी कळवायचं तेच सांगितलेलं नसतं. कोणत्या प्रकारच्या कामासाठी तुम्ही परत याल, हे एका वाक्यात लिहा.

माफी मात्र लांबवू नका. तुम्ही वेळेवर कळवत आहात, गुन्हा केलेला नाही. तीनदा ‘क्षमस्व’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी लपवलं आहे.

कन्सल्टंट आणि पोर्टल

कन्सल्टंटला उमेदवार रुजू झाल्यावर पैसे मिळतात, बरेचदा वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण एका महिन्याचा पगार. त्यामुळे तो तुम्हाला थांबवायचा प्रयत्न करणार, आणि काही जण कंपनीला लगेच कळवतही नाहीत, तुमचं मन वळेल या आशेवर. त्याच्यावर रागवू नका, ते त्याचं पोट आहे. फोनवर सांगा आणि लगेच मेलवर लिहा: ‘मी अर्ज मागे घेत आहे, कृपया आज कंपनीला कळवावे.’ कंपनीतल्या कोणाशी तुमची थेट मुलाखत झाली असेल, तर त्यांना आभाराची दोन ओळींची मेल पाठवा आणि कन्सल्टंटला प्रतीत ठेवा. भाचीच्या बाबतीत अहमदाबादच्या कंपनीकडून दोन दिवसांनी दुसऱ्या फेरीचं बोलावणं आलंच. निरोप पोचला नाही, याची ती खूण. तिने आपली जुनी मेल तशीच एचआरला पुढे पाठवली आणि कन्सल्टंटविरुद्ध एक शब्दही लिहिला नाही.

नुसता पोर्टलवर अर्ज असेल आणि कोणाशीच बोलणं झालं नसेल, तर लॉगिन करून तुमच्या अर्जासमोरचं `Withdraw Application` किंवा तशा नावाचं बटण दाबा, पुरे. एकदा अर्ज मागे घेतला की त्याच जाहिरातीसाठी पुन्हा अर्ज करता येत नाही, असं अनेक पोर्टलवर असतं, म्हणून हातातली ऑफर तपासल्याशिवाय दाबू नका. खातं मात्र बंद करू नका. माझी माहिती पुसून टाका अशी विनंतीही करू नका, कारण त्याबरोबर मुलाखतीतले चांगले शेरेही जातात, आणि पुढच्या वेळी तेच तुमच्या कामाला येणार असतात.

कळवल्यानंतर

तीन कामाच्या दिवसांत एचआरचं उत्तर आलं किंवा पोर्टलवरची स्थिती बदलली, तर काम झालं. नसेल तर त्याच मेलवर एका ओळीत विचारा: नोंद झाली का? काही ठिकाणी रागाचं उत्तर येतं, ‘आमचा वेळ गेला’ असं. त्यावर ‘मला समजतं, तुम्ही दिलेल्या वेळेबद्दल आभारी आहे’ एवढं लिहून थांबा. बाजू मांडत बसू नका.

मुलाखतीसाठी त्यांनी ड्रॉइंग किंवा चाचणीचे आकडे दिले असतील तर ते फोन आणि लॅपटॉपवरून काढून टाका आणि काढल्याचं कळवा. प्रतिस्पर्धी कंपनीत चालला असाल तर हे विशेष लक्षात ठेवा.

प्लांट हेडने फोनच्या शेवटी भाचीला विचारलं होतं, तुझ्या ओळखीत कोणी आहे का? तिने लगेच नाव दिलं नाही. कॉलेजमधल्या एका मैत्रिणीला विचारून, तिचा होकार घेऊन, दुसऱ्या दिवशी तिचा सीव्ही पाठवला. मैत्रिणीची निवड होवो न होवो, त्यांची अडचण तुम्ही आपली मानलीत, हे त्यांना दिसतं. त्यांनी विचारलं नसेल तर मात्र आपणहून नावं पाठवू नका.

इथे एक मर्यादा सांगायला हवी. दुसऱ्या कंपनीचीही ऑफर तुम्ही सही करून स्वीकारली असेल, तर आता तुम्ही अर्ज मागे घेत नाही, दिलेला शब्द मोडत आहात. तिथेही लवकर आणि फोनवरच सांगायचं, पण दार उघडं राहील अशी आशा धरू नका. पत्रातल्या अटीही नीट वाचा, रुजू होण्याआधी माघार घेतल्यास काय, याचं कलम काही पत्रांत असतं.

दार उघडं ठेवणं

लिंक्डइनवर त्याच दिवशी विनंती पाठवू नका, आठवडाभर जाऊ द्या. नव्या जागी रुजू झाल्यावर प्लांट हेडला एक छोटा संदेश: कुठे आणि कोणत्या विभागात रुजू झाले. फोनवर दिलेला शब्द त्याने पूर्ण होतो. त्यानंतर दिवाळीच्या ठोक शुभेच्छांपेक्षा कामाचं निमित्त बरं. एखाद्या मानकात बदल झाला, एर्डात गाठ पडली, इलेक्रामा प्रदर्शनात त्यांचा स्टॉल दिसला, की दोन ओळी लिहा. वर्षातून एक-दोनदा पुरे. नव्या कंपनीतली आतली माहिती मात्र कधीही सांगू नका, विचारली तरी.

आणि एक फाइल करून ठेवा. पदाचं नाव, जाहिरातीचा क्रमांक, कोणाकोणाशी बोलणं झालं, कोणता पगार मागितला होता, मागे घेतल्याची तारीख, आणि पाठवलेल्या मेलची प्रत. परत तिथे अर्ज कराल तेव्हा पहिल्याच फेरीत विचारतील, मागच्या वेळी का नाही आलात? तेव्हा दिलेलंच कारण आत्ताही द्यायचं आणि त्यानंतर काय झालं ते जोडायचं: डिझाइन शिकायचं होतं, तीन वर्षं शिकले, आता टेस्टिंग आणि डिझाइन दोन्ही येतं. पोर्टलवर अर्ज भराल तेव्हा ‘यापूर्वी येथे अर्ज केला होता का’ या रकान्यात हो लिहा, आणि त्याच दिवशी प्लांट हेडला फोन करा. ते तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेले असतील, तर दोन ठिकाणांची चौकशी एकाच फोनवर होते.